कच्चं सॅलड, मोडाचे मूग आणि बिघडलेलं पोट

"मला सॅलड पचत नाही" असं कोणी सांगितलं की मी आधी एवढंच विचारते: खाल्ल्यावर किती वेळाने त्रास होतो? तास-दीड तासात पोट जड होतं, की पाच-सहा तासांनी फुगतं? पुढचं बरंचसं या उत्तरावर ठरतं. लवकर होणारा त्रास बहुधा जठरातला असतो आणि उशिरा होणारा मोठ्या आतड्यातला. दोन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. एका तक्रारीवर शिजवल्याने उतार पडतो. दुसरीवर नुसतं शिजवून फारसं काही होत नाही, तिथे भिजवलेलं किंवा उकळलेलं पाणी ओतून द्यावं लागतं. लोक नेमकी इथेच गल्लत करतात आणि "सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही" म्हणून सॅलड आणि कडधान्यं दोन्ही सोडून देतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाळिशीतला एक माणूस आहे. वजन कमी करायचं म्हणून तो रोज सकाळी आठ वाजता मोठा वाडगाभर सॅलड खातो. त्यात मोड आलेले कच्चे मूग साधारण दीडशे ग्रॅम, अर्धा कच्चा कांदा, मूठभर चिरलेला कच्चा कोबी, काकडी आणि वरून लिंबू. नऊच्या सुमारास त्याला पोटात दगड ठेवल्यासारखं वाटायला लागतं, ढेकर येत राहतात. अकरापर्यंत ते ओसरतं. मग दुपारी दोन-तीनला पोट तट्ट फुगतं, पँट कंबरेला काचते, वारा सरत राहतो. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं शांत. ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाहीत. ज्या दिवशी हा वाडगा नाही, त्या दिवशी त्रासही नाही.

म्हणजे त्याला दोन वेगवेगळे त्रास होताहेत. आधी सकाळचा पाहू.

नऊ वाजताचं जड पोट

जठर अन्न घुसळून त्याची लापशी करतं आणि थोडी थोडी पुढे सोडतं. पुढे जाणारे कण साधारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा लहान असावे लागतात. त्याहून मोठा तुकडा आला की जठराचं खालचं तोंड तो परत मागे ढकलतं आणि घुसळण पुन्हा सुरू होते. कच्च्या भाजीच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना घट्ट धरून असतात. नीट चावलं नाही तर कोबीचा तुकडा किंवा मुगाचा अर्धा दाणा तसाच जठरात उतरतो आणि बराच वेळ तिथेच फिरत राहतो. जडपणा आणि ढेकर येतात ते यातून.

पाण्यात किंवा वाफेवर साधारण ऐंशी अंशांच्या पुढे हे पेक्टिन विरघळायला लागतं, पेशी एकमेकींपासून सुटतात. शिजलेलं गाजर जिभेने दाबलं तरी मऊ होतं आणि कच्च्याला दात लागतात, ते यामुळेच. जठराचं अर्धं काम चुलीवरच उरकलेलं असतं.

मुगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि मोडाचे मूग कच्चे खाणाऱ्यांना ती सहसा ठाऊक नसते. कोरड्या मुगाचा जवळपास निम्मा भाग स्टार्च असतो. कच्च्या दाण्यात हा स्टार्च घट्ट कणांच्या रूपात बसलेला असतो आणि आपल्या पाचक रसांना त्या कणांत सहज शिरता येत नाही. पाण्यासोबत उष्णता मिळाली, की साधारण पासष्ट ते पंचाहत्तर अंशांच्या आसपास हे कण फुगतात आणि उकलतात. मग तोच स्टार्च लहान आतड्यात झटपट पचतो. मोड आल्याने थोडा स्टार्च मोडतो, पण दीड दिवसाच्या मोडात बहुतेक स्टार्च अजून कच्चाच असतो. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचा गॅस करतात. त्यामुळे कच्चे मूग सकाळी जडपणा देतात आणि दुपारच्या फुगवट्यातही भर घालतात.

कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे काही घटकही असतात. ट्रिप्सिन हे आपलं प्रथिन पचवणारं एन्झाइम आहे, त्यालाच ते जखडतात. सोयाबीनमध्ये ते भरपूर असतात, मुगात बरेच कमी. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते काहीसे घटतात, पण त्यांचा खरा बंदोबस्त उष्णतेनेच होतो. म्हणून मोडाच्या कच्च्या मुगाने ज्याचं थोडक्यात निभावतं, त्याला मोडाचं कच्चं सोयाबीन चांगलंच बाधू शकतं.

दुपारचं फुगलेलं पोट

आता दुपारचा त्रास. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जातीच्या साखरा असतात. त्या तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम लागतं आणि ते माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. कोणाच्याच नाही, अगदी धडधाकट माणसाच्याही नाही. त्यामुळे या साखरा न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेनही. अन्न तिथवर पोचायला काही तास लागतात, म्हणून आठच्या वाडग्याचा गॅस दुपारी.

या साखरा पाण्यात विरघळतात. कडधान्य रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, भरपूर पाण्यात भिजवलं तर त्यांचा काही भाग पाण्यात उतरतो. पण ते पाणी ओतून दिलं तरच. भिजवलेल्या पाण्यातच कडधान्य शिजवलं तर साखरा तिथल्या तिथेच राहतात, फक्त दाण्यातून रश्शात येतात आणि शेवटी आपल्याच पोटात जातात. "त्यात जीवनसत्त्वं असतात" म्हणून ते पाणी जपून ठेवणारे पुष्कळ आहेत. थोडी जीवनसत्त्वं आणि खनिजं त्यात जातात हे खरं. पण ज्याचं पोट फुगतं, त्याने तेवढं सोडून द्यावं असंच मी सांगते.

मोड येण्याचा फायदा इथे मोठा आहे. या साखरा म्हणजे बीने अंकुरण्यासाठी साठवलेली शिदोरी. जे एन्झाइम आपल्याकडे नाही, ते बीकडे असतं. पाणी मिळून बी जागं झालं की ते स्वतःच या साखरा तोडून वापरायला लागतं. मोड येऊ लागल्यापासून एक-दोन दिवसांत त्यांचं प्रमाण बरंच खाली येतं. भिजवून लगेच शिजवलेल्या कडधान्यापेक्षा मोड आणून शिजवलेलं कडधान्य हलकं वाटतं, ते यामुळे.

मोड आणल्याने अशा प्रकारे एक काम होतं आणि दुसरं तसंच राहतं. गॅस करणाऱ्या साखरा घटतात, पण कच्चा स्टार्च, घट्ट पेशी आणि प्रथिनं अडवणारे घटक शिल्लक राहतात. "मोड आलेत म्हणजे पचायला हलकं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. मोड आणा, आणि मग शिजवा.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचे मूग मोडाचे होते, म्हणजे त्यातल्या साखरा आधीच कमी झालेल्या. मग दुपारचा एवढा गॅस कुठून आला? थोडा कच्च्या स्टार्चचा, थोडा कोबीचा आणि माझा मोठा संशय कच्च्या कांद्यावर. कांद्यात आणि लसणात फ्रुक्टन नावाची कर्बोदकं असतात. तीही कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. त्यांचा त्रास असा, की नुसत्या उष्णतेने ती फारशी मोडत नाहीत. कांदा परतला, तळला तरी बहुतेक फ्रुक्टन शिल्लकच राहतात. ती पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. त्यामुळे कांदा उकळून पाणी टाकलं तर काही प्रमाणात कमी होतात, आणि तेलात कांद्या-लसणाचा स्वाद उतरवून तुकडे काढून टाकले तर ते तेल सहसा त्रास देत नाही. पातीच्या कांद्याची हिरवी पात हाही चांगला पर्याय आहे. तिच्यात पांढऱ्या भागापेक्षा फ्रुक्टन बरेच कमी असतात.

नेमकं काय बाधतं ते शोधताना

एकाच दिवशी सगळं बदललं तर काहीच कळत नाही. या माणसाला मी सांगेन की पहिले तीन-चार दिवस वाडगा तोच ठेवा, वेळ तीच ठेवा, फक्त मूग शिजवून घ्या. नऊ वाजताचा जडपणा गेला आणि दुपारचा गॅस थोडाच कमी झाला, तर स्टार्चचा आणि कच्च्या दाण्याचा हिशेब मिटला, पण अजून काहीतरी उरलंय. पुढचे तीन-चार दिवस कांदा काढून त्याऐवजी हिरवी पात घाला. दुपार हलकी गेली तर कांदा सापडला. तरीही फुगत असेल तर कोबी उकळून, पाणी निथळून घ्या किंवा त्याच्या जागी काकडी वाढवा. खात्री करायला शेवटी एकदा कांदा परत घालून पाहा. त्रास पुन्हा त्याच वेळी आला, तर शंकेला जागा नाही.

मूग शिजवायचे म्हणजे किती, हे अनेकांना नीट कळत नाही. आठ-दहा तास भिजवलेले, दोनदा पाणी बदललेले, सेंटीमीटरभर मोड आलेले मूग वाफेवर साधारण दहा मिनिटांत होतात. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबा. तो सहज चिरडला पाहिजे आणि मधे पांढरा, खडूसारखा कोरडा गाभा दिसता कामा नये. गाभा दिसला तर तिथला स्टार्च अजून कच्चा आहे. लिंबू किंवा टोमॅटो शिजताना घालू नका. आंबटपणामुळे पेक्टिन लवकर सुटत नाही आणि दाणे टणक राहतात. जड पाण्याचंही तसंच. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर दाणे लवकर मऊ होतात, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मुगासारख्या लवकर शिजणाऱ्या दाण्याला तो लागतही नाही.

राजम्याला मात्र हे कुठलेच प्रयोग लागू नाहीत. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि मग जुलाब होऊ शकतात. मोड आणून ते सुरक्षित होत नाहीत. किमान पाच तास भिजवायचे, पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळायचे. दहा मिनिटांत लेक्टिन निकामी होतं, पण सुरक्षिततेसाठी अर्धा तास उकळण्याचा सल्ला दिला जातो. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तापमान पुरेसं चढत नाही आणि अर्धवट तापलेले दाणे कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतात.

सारखंच खाऊन एकालाच का बाधतं?

एकाच टेबलावरचं तेच सॅलड दोघं खातात, एकाला काही होत नाही आणि दुसरा कळवळतो. साखरा तर दोघांनाही पचत नाहीत, मग फरक कुठे? इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात फ्रुक्टनसारखी कर्बोदकं देऊन लोकांच्या पोटांचे एमआरआय काढले गेले. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असलेल्यांच्या आणि निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यात गॅस साधारण सारखाच झालेला दिसला. त्रास मात्र आयबीएसवाल्यांना जास्त झाला. त्यांच्या आतड्याच्या नसा ताण लवकर टिपतात. "एवढ्याशा गॅसने काय होतंय" असं अशा माणसाला म्हणणं अन्यायाचं आहे, वेदना खरी असते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने त्याआधीच कमी फॉडमॅपचा आहार मांडला होता. त्यात अशा आंबणाऱ्या कर्बोदकांना काही आठवडे आवर घालतात आणि मग एकेक परत आणतात. परत आणणं हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. आयुष्यभर सगळं बंद ठेवण्यासाठी तो आहार नाही.

जुन्या मधुमेहात जठराच्या नसा दुबळ्या होऊन जठर रिकामं व्हायला वेळ लागू शकतो. अशा माणसाला चार घासांतच पोट भरल्यासारखं होतं, खाल्लेलं तासन् तास वर येत राहतं. त्याला कच्च्या पालेभाज्या आणि साली सगळ्यांत जास्त बाधतात, कारण ज्या घुसळणीवर त्या अवलंबून असतात तीच मंदावलेली असते. न पचलेल्या धाग्यांचा जठरात गोळा होण्याचाही धोका असतो. तिथे मऊ शिजवून, साल काढून, प्रसंगी गाळून किंवा वाटून देणं हाच मार्ग. क्रोन्सच्या आजारात आतडं कुठे अरुंद झालं असेल, तर कच्च्या कोबीचा धागा किंवा दाण्याचं साल तिथे अडकू शकतं. पोटात कळा, उलट्या आणि वारा सरणंही बंद, अशी स्थिती आली तर घरचे उपाय करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

दात नसलेले किंवा कवळी सैल असलेले वृद्ध, आणि नुकतेच जुलाबांतून उठलेले लोक यांचं कारण सोपं आहे. पहिल्यांचं चावणं अपुरं पडतं. दुसऱ्यांचं आतडं काही दिवस हळवं असतं, त्यांनी तोवर शिजवलेलंच खावं.

मोडांचा दुसरा धोका

आतापर्यंतचं सगळं न पचण्याबद्दल होतं. कच्च्या मोडांत जंतुसंसर्गाचा धोकाही असतो आणि त्याला पचनशक्ती कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. बियांच्या भेगांत दडलेले थोडे जंतू एक-दोन दिवसांत प्रचंड वाढतात. ते आत असल्याने धुऊन जात नाहीत. मीठ, व्हिनेगर किंवा लिंबू लावून ते मरतील याचा भरवसा नाही. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. सुरुवातीला बोट काकडीकडे दाखवलं गेलं, पण शेवटी माग निघाला तो मेथीच्या मोडांचा. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले.

म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी मोड कच्चे खाऊच नयेत. आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनीही जपावं. जठरातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारा असतो आणि या गोळ्या तो कमी करतात. घरीच काढलेले मोड सुरक्षित, असं समजू नका, कारण जंतू बीबरोबरच येतात. उकळत्या पाण्यातून नुसते बुचकळून काढणंही पुरत नाही. आतपर्यंत सत्तर अंश तापमान किमान दोन मिनिटं टिकायला हवं. दाणा चिरडेपर्यंत वाफवला की ते आपोआप साधतं.

न पचणं आणि संसर्ग यांतला फरक ओळखता येतो. न पचल्याचा त्रास प्रत्येक वेळी साधारण त्याच वेळेला येतो, प्रमाण वाढवलं की वाढतो आणि दिवसभरात ओसरतो. संसर्ग अचानक येतो, काही तासांनी किंवा तीन-चार दिवसांनीही, आणि त्याबरोबर ताप, पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब, उलट्या असतात. सोबत जेवलेला आणखी कोणी आजारी पडला असेल तर संशय पक्का. रक्त दिसलं तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. तक्रार साधी वाटली तरी वजन आपोआप घटत असेल, रात्री झोपेतून शौचासाठी उठावं लागत असेल, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयी नव्याने बदलल्या असतील, तर दोष सॅलडला देऊन थांबू नये. आधी तपासणी करून घ्यावी.

उरला प्रश्न कच्चं कधी आणि किती खायचं. यांपैकी कुठला आजार नसेल आणि पोट शांत झालं असेल, तर काकडी, सोललेला टोमॅटो किंवा बारीक किसलेलं गाजर अर्ध्या वाटीपासून सुरू करा, तेही रिकाम्या पोटी न खाता शिजवलेल्या जेवणासोबत. चार-पाच दिवस निभावलं तर थोडं वाढवा. शिजवलेली कडधान्यं रोज थोडी थोडी खाल्ली तर अनेकांची गॅसची तक्रार काही आठवड्यांत सौम्य होते. कच्चा कोबी आणि कच्चा कांदा सगळ्यांत शेवटी, चमचाभर घेऊन पाहा. मोड मात्र तेव्हाही वाफवूनच.